शेवटचं म्हणून त्याचं कर्ज फेडू का?

"नवरा मोबाइलवर सट्टा खेळतो हे तीन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हा भावाकडून पैसे घेऊन सगळं फेडलं, त्याने मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आता पुन्हा कर्ज निघालंय. एवढं एकदा फेड, परत हात लावणार नाही, म्हणतो. मुलीच्या शिक्षणासाठी माझ्या नावावर मुदत ठेव आहे, ती मोडायला सांगतोय. रात्री पिऊन येतो, मग आवाज चढतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. दोघंही दबून असतात. काय करू? फेडून टाकू का?"

ताई, ठेव मोडू नका. पुढे कधीतरी तशी वेळ येऊ शकते, त्याबद्दल शेवटी लिहिते. पण आत्ता, त्याने सांगितलेल्या आकड्यावर आणि त्याने दिलेल्या मुदतीत तर नाहीच. व्यसनी माणसांच्या घरच्यांसोबत मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. या एका निर्णयावर पुढचं किती अवलंबून असतं ते पाहिलंय, म्हणून आधी त्याचं कारण नीट सांगते.

जुगारी माणूस कर्जाकडे आपल्यासारखं पाहत नाही. आपल्या लेखी गेलेला पैसा गेला. त्याच्या लेखी तो अडकलेला असतो, एक मोठा डाव लागला की सुटेल असा. हरलेलं परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळायचं, हे या आजाराचं अगदी ठळक लक्षण. हो, आजारच. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदानपुस्तिकेत जुगाराला दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात बसवलं. आता तुम्ही बाहेरून पैसा आणून कर्ज फेडलंत, तर काय होतं? देणेकऱ्यांचे फोन थांबतात, पोटातला गोळा जातो, आणि ज्या दडपणामुळे तो मदतीला तयार झाला असता तेच दडपण नाहीसं होतं. शिवाय फेडलेलं कर्ज म्हणजे पुन्हा कर्ज मिळण्याची पात्रता. उधार देणारी अॅप्स वेळेवर फेडणाऱ्याची मर्यादा वाढवतात. तीन वर्षांपूर्वी भावाच्या पैशांनी हेच घडलं असणार. तुम्ही केलंत ते प्रेमापोटी आणि भीतीपोटी केलंत, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

दुसरं कारण असं की त्याने सांगितलेला आकडा बहुधा पूर्ण नाही. पहिल्या कबुलीत सहसा सगळं येत नाही. लाज असते, आणि एखादं खातं, एखादा देणेकरी तो 'शेवटच्या डावासाठी' मागे ठेवतो. हे ओळखायचं कसं? आकडा गोल असतो. घाई फार असते, परवापर्यंत नाहीतर संपलं अशी. पैसे थेट देणेकऱ्याला देऊ म्हटलं की चिडतो, त्याला ते स्वतःच्या हातात हवे असतात. आणि कर्जाचं विवरणपत्र दाखव म्हटलं की विषय बदलतो. यातल्या दोन गोष्टी जरी जुळत असतील तरी समजा की खरा आकडा अजून बाहेर यायचाय.

त्यामुळे मोठं बोलणं व्हायच्या आधी एक आठवडा तुमचा. भांडण नाही, उलटतपासणी नाही. फक्त घरात काय आहे आणि कुठे कुठे दार उघडं आहे ते पाहायचं. संयुक्त खात्याची गेल्या वर्षभराची विवरणपत्रं काढा. रात्री उशिरा एकामागून एक गेलेल्या लहान रकमा, अनोळखी व्यक्तींच्या नावावर पाठवलेले पैसे, मधेच आलेली एखादी मोठी रक्कम आणि तासाभरात तिचं परत जाणं, या खुणा बघा. मूळ कागद हाताशी घ्या: घराचे, विम्याचे, ठेवींच्या पावत्या, मुलांची प्रमाणपत्रं. दागिने मोजून बघा. विम्याच्या पॉलिसीवर परस्पर कर्ज काढलेलं नाही ना, ते कंपनीला विचारा.

एक गोष्ट बायका हमखास विसरतात. स्वतःच्या नावाचा कर्ज-इतिहास मागवा. तुमचा फोन घरात उघडा पडलेला असेल, ओटीपी त्याला दिसत असेल, तर तुमच्या नावावर तुम्हाला न कळता कर्ज निघू शकतं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि बाईला ते वसुलीचा फोन आल्यावरच कळतं. म्हणून फोनचं लॉक, ईमेलचा पासवर्ड, बँकेचा पिन, सगळं त्याच आठवड्यात बदला. तुमच्या खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, हेही बघा. पिन बदलला तरी तो नव्याने तयार करण्याचा संदेश त्याच्या फोनवर जात असेल तर बदलून उपयोग नाही.

मग पैशाची कुंपणं. तुमची कमाई फक्त तुमच्या नावाच्या खात्यात, शक्यतो वेगळ्या बँकेत. ठेव तुमच्या एकटीच्या नावावर आहे की संयुक्त, आणि ती मोडायला किती सह्या लागतात, हे बँकेत स्वतः जाऊन विचारा. संयुक्त असेल तर दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही असं लेखी करून घ्या. कुठेही जामीन म्हणून सही करू नका, घर तारण ठेवण्याच्या कागदावर तर अजिबात नाही. त्याच्या एकट्याच्या नावावरचं कर्ज तुमच्यावर येतं का, आणि संयुक्त खात्यातले किती पैसे तुम्ही काढून ठेवू शकता, हे मात्र तुम्ही राहता तिथल्या कायद्यावर आणि तुम्ही कशावर सह्या केल्यात त्यावर अवलंबून आहे. ते माझ्याकडून ऐकू नका. वकिलाशी एकदा तासभर बोला, कागद घेऊन जा. तो खर्च वाया जात नाही.

हे सगळं बोलण्याआधी का, असं वाटेल, जरा लपवाछपवीचंही वाटेल. पण 'आता घरात सगळं कळलंय' हे त्याला समजल्यानंतरचे दोन-चार दिवस पैशासाठी सगळ्यात धोक्याचे. दार बंद होतंय हे दिसलं की हाताला लागेल ते घेऊन एकदाच सगळं परत मिळवावं, अशी ऊर्मी उसळते. मुलांच्या गल्ल्यातले पैसेसुद्धा तेव्हाच जातात.

एक गोष्ट मात्र तुमच्या घरात वेगळी असेल तर वरचा क्रम बदलतो. तो कधी अंगावर धावून आला असेल, हात उगारला असेल, वस्तू फेकल्या असतील, तर आधी सुरक्षितता, मग पैसा. पैशावरचा ताबा सुटतोय हे कळल्यावर मारहाण वाढू शकते. तेव्हा कागद आणि थोडे पैसे विश्वासातल्या माणसाकडे ठेवा, मुलांना घेऊन रात्री कुठे जाता येईल ते ठरवून ठेवा, आणि समोरासमोर बोलणी एकटीने करू नका.

बोलायचं ते सकाळी. रात्री, तो पिऊन आलेला असताना, पैशाचा एक शब्दही काढायचा नाही. प्यायलेल्या माणसाशी केलेला करार दुसऱ्या दिवशी फक्त तुमच्या लक्षात असतो. सुट्टीची सकाळ, मुलं बाहेर, फोन बाजूला. बोलणं छोटं असावं. मी बायकांना साधारण असं सांगते: "मला तुझी काळजी वाटते. मी ठेव मोडणार नाही, आणि कोणाकडून मागणारही नाही. तू स्वतःच्या पगारातून फेडशील तर मी तुझ्या शेजारी बसून हिशोब करीन. सगळ्या देणेकऱ्यांची नावं आणि आकडे कागदावर हवेत, प्रत्येकाच्या विवरणपत्रासकट." एवढंच. 'तू आमचं वाटोळं केलंस' हे खरं असलं तरी त्या सकाळी नको. त्या वाक्यावर भांडण होतं आणि मग कागद राहून जातो.

कबुलीनंतर एक प्रश्न विचारायचाच, कितीही अवघड वाटला तरी. "जीव द्यावा असं मनात येतं का?" जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका जास्त असतो, आणि सगळं उघडं पडल्यावरचे दिवस त्यात विशेष जपण्याचे. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला, किंवा नुसता गप्प राहिला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पण 'ठेव मोडली नाहीस तर जीव देईन' यावर उत्तर ठेव मोडणं हे नाही. तिथेही उत्तर डॉक्टरच.

आता एका घराचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. नवऱ्याने कर्ज सांगितलं चार पगारांएवढं. बायकोने वरच्यासारखा कागद मागितला. पहिला आठवडा तो रागाने बोललाच नाही. दुसऱ्या आठवड्यात कागद आला, त्यात सहा पगारांएवढा आकडा होता. विवरणपत्रं एकेक करून जमली तेव्हा बेरीज नऊ पगारांवर गेली: एक बँक, तीन अॅप्स, ऑफिसातले दोन मित्र. चार पगारांच्या वेळी तिने ठेव मोडली असती तर ठेवही गेली असती आणि पाच पगारांचं कर्ज तसंच उरलं असतं, तेही तिला माहीत नसलेलं.

त्यांनी त्याच्या पगाराचे दहा भाग केले. पगाराच्या दिवशीच सहा भाग तिच्या ताब्यातल्या घरखर्चाच्या खात्यात, तीन भाग परस्पर हप्त्यांना, एक भाग त्याच्या हातात, तोही आठवड्याला विभागून. बँकेशी आणि अॅपवाल्यांशी बोलून हप्ते लांबवून घेतले. देणेकऱ्याला पैसे बुडण्यापेक्षा उशिरा मिळणं परवडतं, त्यामुळे असं बोलणं आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळा जमतं. सगळ्यात जास्त व्याजाचं अॅप आधी संपवायचं ठरलं, मित्रांना दरमहा थोडं थोडं. त्याने जिथे जिथे खातं होतं तिथे स्वतःला खेळण्यापासून बंद करून घेण्याची सोय वापरली, फोनवर सट्ट्याची अॅप्स आणि साइट अडवणारं सॉफ्टवेअर टाकलं, त्याचा पासवर्ड तिच्याकडे. काही बँका कार्डावरून जुगाराचे व्यवहार अडवून देतात, तुमच्या बँकेत विचारून बघा. गॅम्बलर्स अॅनॉनिमस ही जुगारातून बाहेर पडलेल्यांची परस्परमदतीची संघटना 1957 पासून चालते. तिच्यात अनुभवी सभासद नव्या माणसाबरोबर आणि त्याच्या जोडीदाराबरोबर बसून असाच हिशोब मांडून देतात. रीत तीच: सगळं उघड करायचं, फेडायचं स्वतः, हळूहळू, आणि पैसा काही काळ जोडीदाराच्या हाती.

आठव्या महिन्यात तो घसरला. बायकोला कळलं ते त्याच्या मूडवरून. दोन दिवस उगाच खूश, मुलांना काहीबाही आणायच्या गप्पा, आणि मग आठवड्याचे पैसे मंगळवारीच मागितले. गेलं किती? त्या आठवड्याचे हातखर्चाचे पैसे आणि एका सहकाऱ्याकडून घेतलेली थोडी उसनवारी. त्याच्यापलीकडे त्याचा हातच पोहोचत नव्हता. कुंपणाचा उपयोग मी एवढाच मानते. त्याने घसरणं थांबतंच असं नाही, पण घसरण आठवड्याच्या पैशांवर थांबते, घरावर जात नाही. ती चिडली, रडली, पण पद्धत मोडली नाही, आणि त्याने त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे पुन्हा जायला सुरुवात केली.

दारूबद्दल थोडंच, पण महत्त्वाचं. तो रोज आणि बराच पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर 'आजपासून बंद' असं घरच्या घरी करायला लावू नका. शरीराला सवय झालेल्या माणसाची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसातच कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप अशी अवस्था काहींना येते. ती जिवावर बेतू शकते. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं सुरू करून. आणि 'जेवणात मिसळा, त्याला कळणार नाही' अशा पुड्या-थेंबांच्या नादी लागू नका. डायसल्फिराम नावाचं औषध घेतलेलं असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध माणसाच्या संमतीनेच द्यायचं असतं.

आता मुलं. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय, दबून असतात असं. त्यातलं बरंच मला दिसतं. अकरा वर्षांची मुलगी अशा घरात पहारेकरी होते. कुलुपात किल्ली कशी फिरली यावरून तिला कळतं की आज बाबा कसे आलेत. ती भावाला आधीच आत नेते, टीव्हीचा आवाज कमी करते, तुमचा चेहरा वाचते. शाळेत ती शहाणी, समजूतदार म्हणून नावाजली जाते, त्यामुळे तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. सहा वर्षांच्याला वाटतं, आपण सांडलं, आपण हट्ट केला, म्हणून हे झालं.

दोघांना खरं सांगा, पण थोडं. मोठीला: "बाबांना सट्ट्याची आणि दारूची सवय लागलीय, ती सुटायला मदत लागते. मोठी माणसं ते बघताहेत. तुला घर सांभाळायचं नाही." धाकट्याला: "बाबा ओरडतात ते तुझ्यामुळे नाही." हे एकदा सांगून भागत नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कर्जाचे आकडे, वकील, वेगळं राहण्याचा विचार, हे मुलीच्या कानावर घालू नका, ती कितीही मोठी वाटली तरी. 'बाबांच्या फोनमध्ये काय आहे बघ' असंही कधी सांगू नका. एकदा हेर झालेली मुलगी वडिलांजवळ पुन्हा मोकळी होत नाही.

आणि ती शपथ. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोठ्यांना भावनेची वाटते. धाकट्याने ती ऐकली असेल तर त्याचा अर्थ त्याने शब्दशः लावलेला असतो: बाबा परत खेळले तर मला काहीतरी होईल. मग बाबा खेळले हे कळलं की तो रात्री झोपत नाही, पोट दुखतं म्हणतो. त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा की शपथेने कोणाला काही होत नसतं. नवऱ्यालाही सांगा, पुन्हा मुलांची शपथ नको, शब्द द्यायचा तर कागदावर दे.

मुलांची शांतता ठरलेल्या वेळांनी येते. जेवण, अभ्यास, झोप यांची वेळ बाबा कधी येतात यावर ठेवू नका. ते येवोत न येवोत, साडेआठला जेवण म्हणजे साडेआठला. आवाज चढला तर काय करायचं ते आधी ठरलेलं असू द्या: दोघांनी कुठल्या खोलीत जायचं, कोणाला फोन करायचा, आणि तुम्ही त्यांना न्यायला याल हे. शाळेतल्या एका शिक्षिकेला एवढंच सांगून ठेवा की घरी सध्या ताण आहे.

नवऱ्याला उपचाराकडे वळवण्यात तुमचा वाटा किती, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, उपचार नाकारणाऱ्या मद्यपींच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. शुद्धीतल्या वेळेला साथ द्यायची, प्यायलेला असताना बाजूला व्हायचं, परिणाम झाकायचे नाहीत आणि योग्य क्षणी मदतीचं सुचवायचं, ही पद्धत शिकलेल्यांच्या घरातले 64 टक्के मद्यपी उपचारांना आले. सगळ्यांनी मिळून समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत 30 टक्के, आणि अल-अॅनॉनसारख्या गटाकडे वळवलेल्यांमध्ये 13 टक्के. अल-अॅनॉनचा हेतू मुळात घरच्यांना सावरण्याचा आहे, त्यामुळे ती तुलना तिच्यावर थोडी अन्यायाची. तुम्हाला स्वतःसाठी अशा गटाचा आधार मिळत असेल तर जरूर जा. तुमच्या घरात याचा अर्थ असा: तो संध्याकाळी न पिता आला तर त्याच्यासोबत बसा, गप्पा मारा, मुलांबरोबर त्याला खेळू द्या. पिऊन आला तर वाद न घालता मुलांना घेऊन आत जा. आणि त्याच्या ऑफिसला 'तब्येत बरी नाही' असा खोटा फोन तुम्ही करू नका.

ठेव मोडण्याचा विचार मी कधी करीन, तेही सांगते. सगळी विवरणपत्रं हातात आहेत, किमान सहा महिने त्याने स्वतःच्या पगारातून हप्ते भरलेत, उपचार चालू आहेत, आणि एखाद्या कर्जाचं व्याज इतकं आहे की ठेवीतला एक भाग वापरून ते संपवणं हिशोबाने खरंच फायद्याचं आहे. अशा वेळी तेवढाच भाग, थेट देणेकऱ्याच्या खात्यात, कर्ज बंद झाल्याचं पत्र घेऊन, आणि ती रक्कम तो तुमच्या ठेवीत परत भरेल असं लिहून. सहा महिन्यांत यातलं काहीच घडलं नाही, किंवा मुलांना आवाजाऐवजी माराची भीती वाटायला लागली, तर वेगळं राहण्याबद्दल वकिलाशी बोलायची वेळ आली असं समजा.

सध्या मात्र या आठवड्यात दोनच कामं करा: बँकेत जाऊन त्या ठेवीवर कोणाची सही चालते ते विचारा, आणि तुमच्या नावाचा कर्ज-इतिहास मागवा. त्यात काय निघालं ते लिहा, पुढचं त्यावरून सांगते.